भोगवट्याविना हसत राहण्याबाबत

गेल्या बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या सासूबाई मुकद्देर हानिम आमच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात उभ्या राहून आम्हा नवराबायकोला ‘गुले गुले ओतुरुन’ म्हणाल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या दिवाणखान्यात कोणीही कोणाला काहीही म्हणालं नाही, आणि तशी वेळच आली तर मी, माझी बायको आणि लोणच्याच्या बेचाळीस बरण्या अशी साक्ष द्यायला तयार आहोत. आता सुरुवातीपासून सांगतो.

आमच्या गेदिकसू गावात कुणी नवीन घरात राहायला गेलं की पाहुण्यानं तीन गोष्टी करायच्या असतात. एक, हात हलवत जायचं नाही. दोन, बूट दारात काढायचे. तीन, घर बघून झालं की ‘मंगल होवो’ म्हणायचं आणि त्याला जोडून ‘गुले गुले ओतुरुन’. म्हणजे हसत हसत राहा. घर विकतचं आहे की भाड्याचं, तीन खोल्यांचं आहे की दीड, हे बघायचं नसतं. नवा कोट घातला तर ‘हसत हसत घाला’, नवी गाडी घेतली तर ‘हसत हसत वापरा’, आणि निघालेल्या पाहुण्यालासुद्धा मागे राहणारा ‘हसत हसत’ म्हणूनच पाठवतो. एकूण आमच्याकडे माणूस सदासर्वकाळ हसत असायला हवा. का नसतो, हा वेगळा विषय आहे. पाहुणा असं म्हणाला की यजमानानं ‘आभारी आहे’ म्हणायचं, आणि पाहुण्याला स्वतःचं घर नसेल तर ‘तुमच्याही वाट्याला येवो’ म्हणायचं. या वाक्याची एकच अडचण आहे. ते स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही. दुसऱ्यानंच म्हणावं लागतं.

तर दुसऱ्यांनी म्हटलंही. आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात इमारतीतल्या सगळ्यांनी म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या हुरीये मावशींनी तर जिन्यातून, दारातून आणि स्वयंपाकघरातून असं तीन वेळा म्हटलं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं काचेचं भांडं दिलं. सोसायटीचे अध्यक्ष शेराफेत्तिन बे (आमच्याकडे आदरानं पुरुषांना ‘बे’ आणि बायकांना ‘हानिम’ लावतात) यांनी म्हटलं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं काचेचं भांडं दिलं. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, तिथल्या मालकांनी म्हटलं. त्यांनी काय दिलं ते आता तुम्ही ओळखलं असेलच. आमच्याकडे अशी सात भांडी जमली. ओव्हन अजून यायचा होता.

फक्त सासूबाईंनी म्हटलं नाही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे मीठ, पाव आणि आरसा आणला. घर बघितलं. खिडक्या उघडून, लावून पाहिल्या. चहा घेतला. उठताना म्हणाल्या, “मंगल होवो.” आणि बूट घालू लागल्या. माझी बायको बिलगे दारात उभी राहून पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत राहिली. बूट घालून झाले. लिफ्ट आली. लिफ्ट गेली.

“विसरली असेल,” मी म्हणालो.

“माझी आई?” बिलगे म्हणाली. “माझ्या आईला एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या फायलींचे जावक क्रमांक पाठ आहेत.”

दुसऱ्या भेटीतही तेच झालं. तिसऱ्या भेटीत बिलगेनं सरळ विचारलं. तेव्हा सासूबाईंनी पर्स मांडीवर घेतली, चष्मा पुसला (मीच घासलेली भिंगं), आणि विचारलं, “भोगवटा प्रमाणपत्र आलंय का इमारतीला?”

इथे सांगायला हवं की आमच्या सासूबाई नगरपालिकेच्या भोगवटा खिडकीवर एकतीस वर्षं होत्या. गेदिकसूमधल्या निम्म्या गावाला ‘इथे राहायला हरकत नाही’ असं लिहून देणारी सही त्यांची आहे. आणि आमच्या इमारतीला प्रमाणपत्र नव्हतं. बिल्डर शेवटचा मजला चढवून, घरं विकून, आपण हवापालटाला जातो असं सांगून गेला तो अजून हवा पालटतोच आहे.

“आई, अख्ख्या इमारतीनं म्हटलंय,” मी म्हणालो.

“इमारत नगरपालिकेत नोकरीला नव्हती, बाळा. ‘ओतुरुन’ म्हणजे काय? राहा. ज्या घरात राहायची परवानगी नाही तिथे मी कुणाला ‘राहा’ म्हणू? आणि वर हसत?”

“आई, ते नुसतं म्हणायचं असतं गं!” बिलगे म्हणाली.

“नुसतं म्हणायचं असतं तर म्हणायचंच कशाला?”

बिलगे आत गेली आणि तिनं नुकत्याच सोडलेल्या एका खोक्याला पुन्हा चिकटपट्टी लावली. तो चर्रर्र असा आवाज आम्ही दोघांनी बाहेर ऐकला.

त्या दिवसापासून सामान सोडायचं बंद झालं. पडदे खोक्यात, पातेली खोक्यात, आमच्या लग्नाचा फोटो खोक्यात. आम्ही दोन कप, एक पातेलं आणि सात काचेच्या भांड्यांवर संसार करत होतो. मी एकदा गमतीनं म्हणालो की निदान हसण्याचा भाग तरी आपण सुरू करू, परवान्याचं मागाहून बघू. बिलगे हसली नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “ताईला तिनं फोनवरून म्हटलं होतं. घर बघितलंसुद्धा नव्हतं. माझ्याकडे येते ती तपासणीला आल्यासारखी.” तेव्हा मी ठरवलं की भोगवटा प्रमाणपत्र आणायचं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसानं असले निर्णय घेऊ नयेत, पण ते नंतर कळतं.

पहिल्या खिडकीवर सांगितलं की इमारतीच्या लिफ्टवर तपासणीत नापास झाल्याची लाल पट्टी आहे, ती हिरवी झाल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. लिफ्टवाल्यानं सांगितलं की वीज अजून बांधकामाची तात्पुरती आहे, ती कायमची झाल्याशिवाय पट्टी हिरवी होत नाही. वीजवाल्यांनी अतिशय प्रेमानं खुर्ची दिली आणि सांगितलं की वीज कायमची करायला फक्त एकच कागद लागतो. भोगवटा प्रमाणपत्र. मी तिघांनाही ‘तुमच्या कामाला यश येवो’ म्हणून बाहेर पडलो, कारण कामात असलेल्या माणसाला तसं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. पण त्या दिवशी ते मला मनापासून म्हणता आलं नाही, हे मी इथे कबूल करतो.

चौथ्या खिडकीवर एक दयाळू माणूस होता. तो म्हणाला, “लिफ्टचं बघू पुढे. आधी पाहणी करून घ्या. तळघरातला आसरा रिकामा आहे ना?”

युद्धबिद्ध झालं तर इमारतीतल्या लोकांनी लपायला म्हणून नकाशात एक आसरा असावा लागतो. तो आमच्याकडे होता. फक्त त्यात लपायला युद्धालाच जागा मिळाली नसती. हुरीये मावशींच्या लोणच्याच्या बेचाळीस बरण्या, सगळ्यांचे हिवाळी टायर, तीन सोफे, आणि शेराफेत्तिन बे यांची वल्हवायची होडी. गेदिकसूपासून समुद्र पाच तासांवर आहे. होडीबद्दल विचारलं की ते “निवृत्तीनंतर” एवढंच म्हणतात. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.

मी सोसायटीची सभा बोलावली. म्हणजे जिन्यात उभा राहिलो.

“एका दिवसापुरतं सामान हलवू या,” मी म्हणालो. “बुधवारी अधिकारी येऊन जाईल, गुरुवारी परत ठेवा.”

“हलवायचं कुठे?” शेराफेत्तिन बे म्हणाले. “होडी काय खिशात घालू?”

“सेर्तानच्या घरात!” हुरीये मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “पहिलाच मजला. आणि पोरीनं तसंही काही सोडलेलं नाही. घर अगदी मोकळं आहे, माशाल्ला!”

“मावशी, पण आम्ही तिथे राहतो.”

“अरे, तुझ्या सासूच्या म्हणण्यानुसार अजून नाही राहत ना?”

सगळ्या इमारतीला हे माहीत होतं. माझ्या स्वाभिमानाची त्या क्षणी जी अवस्था झाली तिचं वर्णन मी करणार नाही. फक्त एवढंच सांगतो की पुढचे दोन दिवस मी लिफ्टनं जायचं टाळलं, कारण तिच्यात आरसा होता.

बुधवारी सकाळी सामान वर आलं. टायर झोपायच्या खोलीत, सोफे एकमेकांवर, बरण्या दिवाणखान्यात भिंतीलगत चार रांगांत. होडी दारातून आत येईना, मग शेराफेत्तिन बे यांनी ती उभी करून, आडवी करून आणि शेवटी तिला काहीतरी कानात सांगून आत घेतली. अर्धी दिवाणखान्यात, अर्धी दाराजवळच्या बोळात. बिलगेनं पहाटे उठून पालक भरलेली, पापुद्र्यांची बोरेक भाजली होती. मावशींच्या ओव्हनमध्ये. काचेच्या भांड्यात.

दोन वाजता सासूबाई आल्या. “पाहणी आहे असं कळलं,” म्हणाल्या. होडीकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आणि टोकाच्या बाकड्यावर, म्हणजे होडीतच, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. दुसरी जागा नव्हती.

तीन वाजता अधिकारी आले. त्यांचं नाव इल्हामी. सासूबाईंच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेले. तळघर पाहिलं, फीत लावून मोजलं, भिंतीवर टकटक केलं आणि खूश झाले. “इतका स्वच्छ आसरा मी पहिल्यांदा बघतोय,” म्हणाले. शेराफेत्तिन बे यांनी खाली मान घातली. मग इल्हामी बे म्हणाले, “नमुन्यादाखल एखादं घर बघू,” आणि कुणी काही बोलायच्या आत सवयीनं सगळ्यात जवळच्या दाराशी जाऊन बूट काढू लागले. आमच्या.

आत आले. बरण्या पाहिल्या. होडी पाहिली. होडीत बसलेल्या आपल्या जुन्या साहेब पाहिल्या.

“नमस्कार, मुकद्देर हानिम,” ते पुटपुटले.

“बस, इल्हामी,” सासूबाई म्हणाल्या. “वजन मध्ये टाक.”

पुढची दहा मिनिटं सुरळीत गेली. चहा आला, बोरेक आली. इल्हामी बे यांनी तीन तुकडे खाल्ले आणि भांडं परत देताना, जसं कुणीही म्हणेल तसं, बिलगेला म्हणाले, “तुमच्या हातांना आरोग्य लाभो.” बिलगे म्हणाली, “अंगी लागो.” इथेच खरं तर थांबायला हवं होतं. पण ही वाक्यं एकामागून एक येतात हो. पहिलं तोंडातून निघालं की बाकीची आपापले बूट घालून तयारच असतात. इल्हामी बे उठले, दारात गेले, शिंगाच्या पट्टीनं टाच बुटात सरकवली, सरळ झाले, मान तुकवली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले:

“मंगल होवो. गुले गुले ओतुरुन!”

होडी करकरली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“इल्हामी. काय म्हणालास?”

इल्हामी बे यांच्या हातातली बुटाची पट्टी खाली पडली. “मी... ते... सवयीनं निघालं, साहेब.”

“फाईल हातात असताना अधिकाऱ्याला सवय नसते. तू आत्ता यांना ‘राहा’ म्हणालास. हजर साक्षीदार चार. प्रमाणपत्रावर सही केलीस का?”

“लिफ्टची पट्टी लाल आहे, साहेब. सही कशी करू?”

“मग शब्द मागे घे.”

“मागे घे?” हुरीये मावशी बरण्यांमधून ओरडल्या. “घरादारावर ओवाळलेलं हसू मागे घ्यायचं? त्यापेक्षा शाप द्या की पोरांना! इल्हामी बे, खबरदार मागे घ्याल तर!”

“सही कर नाहीतर मागे घे,” सासूबाई म्हणाल्या.

“एक शब्द मागे घेतलात तर खाल्लेली बोरेक पचायची नाही!” मावशी म्हणाल्या.

इल्हामी बे एका बुटात आणि एका मोज्यात उभे होते. त्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग माझ्याकडे. मी भिंगं घासणारा माणूस, मी काय करणार? शेवटी त्यांनी फाईल होडीच्या कडेवर ठेवली आणि लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होते. मग वाचून दाखवलं: “सदर कुटुंबाबद्दल पाहणी अधिकाऱ्याने कर्तव्यावर असताना उघड सदिच्छा व्यक्त केली असल्याने तो या प्रकरणी निःपक्षपाती राहिलेला नाही. तरी प्रकरण अन्य अधिकाऱ्याकडे नव्याने सोपवावे.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे पहिल्या खिडकीपासून,” ते म्हणाले. दुसरा बूट त्यांनी जिन्यात घातला.

दोन महिने, चार खिडक्या, बेचाळीस बरण्या. बिलगे मावशींच्या कोबीच्या लोणच्याच्या पिंपावर बसली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, आता हे घर गेलं. आपण असेच खोक्यांत म्हातारे होणार.

सासूबाई मुलीकडे बघत होत्या. मग त्या पुन्हा होडीत बसल्या आणि पहिल्यांदाच खिडकीमागच्या बाईच्या नाही, तर कुणाच्या तरी आईच्या आवाजात बोलल्या.

“मी एकदा म्हटलं होतं, बिलगे. अठ्ठ्याण्णव साली. कागद नसताना. नवं लग्न झालेलं जोडपं होतं, खिडकीशी येऊन मला हातातली किल्ली दाखवत होतं. मला राहवलं नाही, म्हटलं, गुले गुले ओतुरुन. अकराव्या दिवशी इमारतीला सील लागलं. सीलच्या कागदावर सही माझीच. ती मुलगी रस्त्यावर गादीवर बसून रडत होती आणि माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.” त्यांनी पर्सची कडी उघडली आणि लावली. “तुझ्या बाबतीत माझा शब्द खोटा ठरला, तर मी कुठे जाऊ?”

बिलगे काही म्हणणार, एवढ्यात शेराफेत्तिन बे होडी परत नेऊ लागले. त्यांना वाटलं कार्यक्रम संपला. ते बोळाच्या बाजूनं ओढत होते आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई बसलेल्या आहेत हे त्यांना दिसत नव्हतं.

“जड झालीये, ओलावा धरला वाटतं!” ते पलीकडून ओरडले, आणि माझ्या सासूबाई, भोगवटा विभाग, निवृत्त, पर्स मांडीवर, पाठ ताठ, आमच्या दिवाणखान्यातून हळूहळू, अगदी शांत समुद्रावरून जाव्यात तशा, बोळाकडे निघाल्या. लोणच्याच्या बरण्यांची पहिली रांग मागे पडली. दुसरी रांग मागे पडली.

“शेराफेत्तिन बे,” सासूबाई वळूनही न बघता म्हणाल्या, “परवाना आहे का?”

बिलगेच्या घशातून आधी उचकीसारखा एक आवाज आला. मी पाणी आणायला धावलो तर ती हसत होती. दोन महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. ती पिंपावरून घसरून खाली बसली, टायरला टेकून हसली, मला बोट दाखवून हसली, मावशी हसायला लागल्या, मी हसायला लागलो, आणि पलीकडून शेराफेत्तिन बे “काय झालं? कुणी सांगेल का?” म्हणत ओढतच राहिले.

सासूबाई होडीतून उतरल्या. खाली बसून हसणाऱ्या आपल्या मुलीकडे त्यांनी खूप वेळ पाहिलं. त्यांनी अख्खं आयुष्य कागद बघून घर ओळखलं होतं. या वेळी त्या फक्त बघत राहिल्या.

“राहतच आहात,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “हसतच आहात. मग ही परवानगी नाही झाली. ही झालेल्या गोष्टीची नोंद झाली.” आणि मग बिलगेच्या केसांवर हात ठेवून, हळूच: “गुले गुले ओतुरुन, माझ्या पोरांनो.”

“आभारी आहे, आई,” बिलगे म्हणाली. तिला धाप लागली होती. मग ती उठली, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि पहिल्या खोक्याची चिकटपट्टी कापली. त्यातून पडदे निघाले. संध्याकाळपर्यंत ते टांगले. होडी अजून दिवाणखान्यातच आहे, ती बाहेर निघत नाही. तिच्यात सध्या सात काचेची भांडी ठेवली आहेत.

पण गुरुवारी सकाळी साडेसातला दारात सासूबाई. डोळे लाल. रात्रभर झोप नाही. अठ्ठ्याण्णवनंतर नियम मोडला नव्हता, आणि आता मोडला. तोही लेकीसाठी, म्हणजे नातेवाईकासाठी, म्हणजे सरळसरळ वशिला. “मी ते म्हटलेलं नाही,” त्यांनी आम्हाला सांगितलं. “कागद येईपर्यंत कुणीही काहीही म्हटलेलं नाही.”

“पण आई, पडदे टांगलेत,” बिलगे म्हणाली.

“पडदे राहू देत. वाक्य काढा.”

मागे घ्यायला मात्र त्याही तयार नाहीत. मावशींना विचारून आल्या, तसं करता येत नाही म्हणे. मग बराच विचार करून, एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून, त्यांनी मला कागद दिला आणि समोर बसून मजकूर सांगितला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून पहिल्या खिडकीवर दिला आहे. तो असा:

“माननीय भोगवटा विभागास सविनय विनंती की, आमच्या इमारतीच्या लिफ्टची पट्टी लाल असल्याचे, वीज तात्पुरती असल्याचे व आसऱ्यातील सामान पहिल्या मजल्यावर असल्याचे पूर्ण ध्यानात घेऊन, सदर इमारतीस गेल्या बुधवारची तारीख व दुपारचे चार वाजून नऊ मिनिटे ही वेळ घालून भोगवटा प्रमाणपत्र द्यावे, जेणेकरून चार वाजून दहा मिनिटांनी एका निवृत्त कर्मचाऱ्याने आपल्या मुलीस दिलेली सदिच्छा नियमानुसार उच्चारलेली ठरेल, आणि उपरोक्त एक मिनिट मंजूर करणे शक्य नसल्यास, निदान अर्धे तरी मंजूर करावे.”